दिसणारे वीस आणि मोजले जाणारे वीस

कॉम्प्युटर अवेअरनेसच्या पेपरात शीटचा फोटो देऊन उत्तर विचारणारा प्रश्न आला, की बहुतेक जण आधी आकडे वाचतात आणि लगेच बेरीज करायला घेतात. माझा आग्रह असा, की आकड्याआधी त्याची जागा बघा. तो सेलमध्ये उजवीकडे चिकटलाय की डावीकडे? एक्सेलमध्ये काही वेगळं ठरवलेलं नसेल तर संख्या उजवीकडे जाते, मजकूर डावीकडे जातो. फोटोत सेलच्या आतलं काही दिसत नाही, पण ही खूण दिसते. आज मी फक्त याच एका गोष्टीबद्दल बोलणार आहे.

समजा, फोटोतला बी कॉलम असा आहे.

```
       B
1  Marks
2     40
3      0
4
5  AB
6  20
7     30
```

सहाव्या ओळीतलं २० नीट बघा. ते डावीकडे आहे, बरोबर AB च्या खाली. म्हणजे कोणीतरी आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकून ते लिहिलंय, किंवा तो सेल आधीच टेक्स्ट म्हणून ठरवलेला होता. आपल्या डोळ्यांना ते वीस आहे. एक्सेलच्या लेखी ती दोन अक्षरं आहेत.

आता प्रश्न येतो:

```
=SUM(B2:B7)
```

पर्यायांत ९० असतं आणि ७०ही असतं. उत्तर ७०. रेंज दिली की SUM त्यातल्या फक्त संख्या उचलतं, मजकूर सोडून देतं. तक्रार करत नाही, एररही दाखवत नाही, आणि चूक होते ती नेमकी यामुळेच.

पुढचा प्रश्न AVERAGE(B2:B7) चा. इथे खरी कसोटी भागाकाराच्या खालच्या आकड्याची आहे. ओळी सहा आहेत म्हणून सहाने भागणारे पुष्कळ. पण AVERAGE सुद्धा फक्त संख्या मोजतं: ४०, ० आणि ३०. म्हणजे ७० भागिले ३, साधारण २३.३३. शून्य ही संख्या आहे, ती मोजली जाते. रिकामा सेल मोजला जात नाही. हा फरक मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो, कारण कागदावर सरासरी काढताना आपण गैरहजर विद्यार्थ्यालाही सहज शून्य धरतो. एक्सेल असं धरत नाही. तसं धरायचं असेल तर AVERAGEA आहे. ते मजकुराला शून्य मानून मोजणीत घेतं, रिकामा सेल मात्र तेही सोडतं. मग ७० भागिले ५, उत्तर १४.

हे पटलं, की COUNT आणि COUNTA वेगळे पाठ करावे लागत नाहीत. COUNT फक्त संख्या मोजतं, उत्तर ३. COUNTA भरलेले सगळे सेल मोजतं, उत्तर ५. मात्र चौथ्या ओळीत ="" असं सूत्र असेल तर तो सेल फोटोत रिकामाच दिसेल, आणि COUNTA चं उत्तर ६ होईल. फोटोवरून हे ओळखता येत नाही. म्हणून प्रश्नात तसा उल्लेख नसेल तर रिकामा दिसतो तो रिकामाच धरायचा.

आता हे बघा:

```
=B2+B6
```

SUM ने ते वीस सोडलं, मग इथेही ४० येईल असं वाटतं. येतं ६०! अधिकचं चिन्ह दोन्ही बाजूंना संख्याच मागतं, म्हणून एक्सेल त्या मजकुराची संख्या करून बघतं. "20" ची होते. AB ची होत नाही, म्हणून =B2+B5 लिहिलं की #VALUE! दिसतं. आणि =B2+B4 चं उत्तर ४०, कारण बेरजेत रिकामा सेल शून्य धरला जातो. तोच रिकामा सेल, सरासरीत गैरहजर आणि बेरजेच्या चिन्हापुढे शून्य.

डावी-उजवी खूण प्रत्येक वेळी पुरत नाही. कॉलम मध्यभागी घेतलेला असेल तर सगळं सारखंच दिसतं. अशा वेळी सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण आहे का ते शोधा. तो दुसऱ्या कारणांनीही येतो, पण साध्या आकड्यावर दिसला तर बहुधा ती मजकूर म्हणून साठवलेली संख्याच असते. फोटोत फॉर्म्युला बार आला असेल तर तोही वाचा. निवडलेल्या सेलमध्ये खरोखर काय आहे ते तिथे दिसतं, आणि अवतरणचिन्ह असेल तर तेही दिसतं. तो सेल कोणता, हे डावीकडच्या नेम बॉक्समध्ये लिहिलेलं असतं.

शेवटी एक जोडी देतो, जी मला स्वतःला अतिशय आवडते.

```
=SUM(B2,B6)
=SUM(40,"20")
```

पहिल्याचं उत्तर ४०, दुसऱ्याचं ६०. सेलच्या पत्त्यावरून आलेला मजकूर SUM सोडून देतं. कंसात थेट लिहिलेल्या मजकुराची मात्र संख्या करून घेतं.