जाहिरातीतली तंत्रज्ञानाची यादी कशी वाचावी

श्रोतेहो, नमस्कार.

सॉफ्टवेअरमधल्या नोकरीची जाहिरात हातात आली की आपण आधी पगार बघतो, मग ठिकाण आणि अनुभवाची अट. तंत्रज्ञानाची यादी वाचतो ती "हे मला येतं का?" एवढ्यापुरती. मला वाटतं, त्याच यादीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: तीन वर्षांनी इथून निघताना मला काय येत असेल?

पुण्यात बँका आणि विमा कंपन्यांचं काम करणाऱ्या कितीतरी टीम आहेत. तशा टीमच्या जाहिरातीचा एक नमुना घेऊ. जावा डेव्हलपर हवा आहे. आवश्यक काय, तर जावा ८, स्ट्रट्स, जेएसपी, ओरॅकल, पीएल-एसक्यूएल आणि एसव्हीएन. खाली लिहिलंय, असल्यास उत्तम: स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस, क्लाउड.

जावा ८ आलं २०१४ साली. नुसतं तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, त्याला आजही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पण शेजारी कोण बसलंय ते बघा. स्ट्रट्सची आवृत्ती दिलेलीच नाही. दुसरी मालिका अजून चालू आहे, पहिलीचा आधार मात्र २०१३ मध्येच संपला. कोड एसव्हीएनमध्ये आहे, म्हणजे बाकी जग गिटवर गेलं तरी इथे कुणी ते हलवलेलं नाही. हे सगळं एकत्र दिसलं की समजावं, प्रणाली बरीच जुनी आहे आणि चालतेय म्हणून चालू ठेवलेली आहे.

आता खालची ओळ. स्प्रिंग बूटची तिसरी मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिला किमान जावा १७ लागतं. वर तर जावा ८ लिहिलंय. म्हणजे इथलं स्प्रिंग बूट एक तर दुसऱ्या मालिकेतलं असणार, जिचा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, किंवा ते वेगळ्याच टीमकडे असणार. उमेदवार खालची ओळ बघून अर्ज करतो आणि रोजचं काम वरच्या ओळीतलं निघतं. हे मी फार वेळा पाहिलंय आणि त्याचं वाईट वाटतं, कारण उत्तर त्याच कागदावर असतं.

यादीइतकीच कामाच्या वर्णनातली क्रियापदं महत्त्वाची. सपोर्ट, मेंटेनन्स, तिकिटं सोडवणं, शिफ्ट असं असेल तर जुनं सांभाळायचं आहे. मायग्रेशन हा शब्द दिसला तर मात्र थांबा. जावा ८ वरून १७ वर आणि स्प्रिंग बूट तीनवर जाताना कोडमधली कित्येक `javax` नावं `jakarta` करावी लागतात, न चालणाऱ्या जुन्या लायब्ररी बदलाव्या लागतात, आणि आधी टेस्ट लिहाव्या लागतात, नाहीतर काय मोडलं ते कळतच नाही. असं काम केलेला माणूस पुढे कुठेही लागतो.

जुन्या यादीतलं सगळंच टाकाऊ नसतं, हेही सांगतो. महिनाअखेरचा रिपोर्ट दोन तास का घेतो, हे शोधताना क्वेरीचा एक्झिक्युशन प्लॅन वाचायला शिकलात, इंडेक्स आणि लॉक समजून घेतलेत, तर ते ज्ञान ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर गेलात तरी कामाला येतं. स्ट्रट्सच्या एक्सएमएल फायली मात्र बहुतेक तिथेच राहतात. उलट, यादी अगदी नवी दिसते पण मधेच "कंपनीचा स्वतःचा फ्रेमवर्क" असतो. रोजचं काम त्यातच असेल, तर शिकलेलं बरंचसं गेटबाहेर येत नाही.

जाहिरातीवर पूर्ण विसंबूही नका. पुष्कळदा एचआर दोन-तीन जुन्या जाहिराती जोडून एक करतं. वीस-पंचवीस नावं एकत्र दिसली तर प्रोजेक्ट अजून ठरलेलाच नाही, असा संशय घ्यावा. म्हणून मुलाखतीत टीम लीड समोर आला की विचारा: प्रॉडक्शनवर जावाची कोणती आवृत्ती आहे आणि ती शेवटची कधी बदलली? कोड मर्ज झाल्यावर प्रॉडक्शनवर कोण नेतं, किती दिवसांत? पहिले तीन महिने माझ्याकडे कोणतं मॉड्यूल असेल? "आम्ही लवकरच क्लाउडवर जाणार आहोत," असं उत्तर आलं तर नम्रपणे पुढचं विचारा: पहिलं कोणतं मॉड्यूल जाणार, आणि ते आमची टीम करणार की दुसरी?

या नमुन्यातला लीड म्हणाला, की एक मॉड्यूल जावा १७ वर प्रॉडक्शनमध्ये गेलंय आणि तुम्हाला त्याच्या पुढच्यावर घेतोय, तर पगार थोडा कमी असला तरी मी ही नोकरी घ्यायला सांगेन. फक्त तिकिटं असतील आणि वर दोन वर्षांचा बाँड असेल, तर सही करण्याआधी त्या दोन वर्षांत ओरॅकलचं खोल काम हाताला लागणार आहे का, एवढं नक्की विचारून घ्या.

नमस्कार.