पावती आणि पोचपावती

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय ‘निळी टिक आणि आपले गैरसमज’ असा छापलाय. निळ्याकडे मी येतोच, पण आधी एका करड्या टिकबद्दल बोलू दे, कारण आपल्याकडं माणसं एकमेकांवर रुसतात ती त्या एका टिकपायी.

मी 34 वर्षं टपालात काढली. त्यामुळं व्हॉट्सॲपकडं मी टपालाच्याच डोळ्यांनी बघतो. तेव्हा रजिस्टर पत्र खिडकीवर दिलं की हातात पावती पडायची. तिचा अर्थ एवढाच, की पत्र टपालानं ताब्यात घेतलं. घरच्या माणसाची सही होऊन परत यायची ती पोचपावती. या दोन कागदांत कुणी गल्लत करत नसे. मग फोनवर का करावी? छोटं घड्याळ दिसतंय तोवर पत्र अजून तुमच्याच खिशात आहे, म्हणजे तुमचं नेट चालत नाही. एक करडी टिक म्हणजे पावती : निरोप तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर जमा झाला. दोन करड्या म्हणजे पोचपावती : तो समोरच्याच्या फोनवर उतरला. निळ्या झाल्या म्हणजे पाकीट फोडलं.

म्हणून एक टिक दिसली की तुमच्या बाजूचं काम संपलेलं असतं. अडचण पलीकडं आहे. आता पलीकडं काय असतं, ते माझ्याच घरच्या गोष्टीतून सांगतो.

माझी धाकटी बहीण कणकुंबीच्या बाजूला दिलीय, चोर्ला घाटाच्या तोंडावर. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. मी सोमवारी सकाळी तिला निरोप टाकला : गुरुवारी 11 वाजता, सगळ्यांना घेऊन ये. एक टिक. मंगळवारी एक टिक. बुधवारीही तीच. त्याच महिन्यात जमिनीच्या उताऱ्यावरनं आमच्यात थोडं बोलणं झालं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तिनं तुला ब्लॉक केलंय. सोड आता.” आमच्या घरात ते पटलंसुद्धा. बायकोनं ताटं मोजताना तिच्या घरची चार माणसं वजा केली. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

रात्री झोप येईना, म्हणून तिला पाठवलेले जुने मेसेज काढून बसलो. आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की Info दिसतं, त्यात Delivered पुढं पोचल्याची वेळ असते. बोलाचालीनंतर मी तिला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन मेसेज केले होते. पाठवल्याच्या वेळा निरनिराळ्या, पण तिन्ही पोचले होते एकाच दिवशी, एकाच मिनिटाला. टपालात राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. डाक कुठंतरी तुंबून राहिली आणि मग एकदम सुटली. ब्लॉक केलेल्या काळात पाठवलेला मेसेज तर कधीच पोचत नाही, पुढं ब्लॉक काढला तरी नाही. म्हणजे बोलाचालीनंतर निदान त्या दिवसापर्यंत तरी तिनं दार लावलेलं नव्हतं.

सकाळी साधा फोन लावला. व्हॉट्सॲपचा नव्हे, साधा. रिंग गेली, तिनं उचललाही. मी म्हटलं, श्राद्धाचं कळवलंय, येतेस ना? ती म्हणाली, “तू कुठं कळवलास? मी वाट बघूनच राहिलो की!” आणि रडायला लागली.

तिला आणायला मी स्वतः गेलो आणि तिचा फोन हातात घेतला. रेंजच्या दांड्यांशेजारी बारीक ‘R’ होता. तिचं सिम कर्नाटकाचं. पण त्या डोंगराच्या कुशीत फोन धरतो गोव्याकडचा टॉवर, आणि टेलिफोनच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो. म्हणजे घरच्या ओट्यावर बसूनही ती रोमिंगमध्ये. रोमिंगमध्ये कॉल येतो-जातो, पण फोनच्या सेटिंगमध्ये Data roaming बंद असेल तर नेट चालत नाही. मोबाइल नेटवर्कच्या पानावर जाऊन ते सुरू केलं. दोन-तीन सेकंद काही नाही, मग टुंग, टुंग, टुंग. माझा फोन मी शेजारीच धरला होता. सोमवारच्या त्या टिकशेजारी दुसरी टिक उमटताना मी डोळ्यांनी बघितली.

मग ते तीन मेसेज एका मिनिटात कसे पोचले होते? त्या दिवशी ती दवाखान्यासाठी जांबोटीला उतरली होती. तिथं फोननं कर्नाटकाचा टॉवर धरला आणि तुंबलेलं सगळं एकदम पडलं.

ही एकट्या तिची अडचण नाही. निपाणीच्या शेवटच्या वाड्यांत, चंदगडला लागून असलेल्या आपल्या गावांत, पलीकडचा टॉवर जवळ असेल तर हेच होतं. सगळ्या सिमवर होतं असं नाही. पण साधा कॉल लागतो आणि टिक मात्र एकच राहते, असं झालं तर आधी तो ‘R’ शोधा. तो नसेल तर डेटा संपलाय का, नेटचं बटण बंद आहे का, ते विचारा. आणि साधा कॉलच लागत नसेल, तर फोन बंद किंवा रेंजबाहेर आहे. पावसात वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, गावंच्या गावं एका टिकवर राहतात. अशा वेळी निरोप सर्व्हरवर 30 दिवस थांबतो. त्यानंतर तो काढून टाकतात, मग पुन्हाच पाठवावा लागतो.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. निळ्याचं भराभर सांगतो.

निळी टिक नाही म्हणजे वाचलंच नाही, असं नव्हे. वरच्या वर नोटिफिकेशनमध्ये वाचलं तर टिक करडीच राहते. कुणी Read receipts बंद ठेवलं असेल तरीही करडीच राहते. मात्र तसं करणाऱ्याला दुसऱ्याचीही निळी दिसत नाही. ग्रुपमध्ये हे बंद करता येत नाही. पण तिथं दुसरी टिक पडते ती सगळ्यांना पोचल्यावर, आणि निळी होते ती सगळ्यांनी वाचल्यावर. पन्नास जणांत एकाचा फोन बंद असला तरी एकच टिक दिसते. Info उघडा, कुणाला पोचलं ते नावानिशी कळतं.

ब्लॉकचंही विचारलंय कुणीतरी. ब्लॉक केलं तरी एकच टिक राहते, आणि व्हॉट्सॲप ते मुद्दामच स्पष्ट सांगत नाही. ‘लास्ट सीन’ आणि फोटो दिसत नाही म्हणून खात्री धरू नका, कारण ते नुसतं लपवताही येतं. व्हॉट्सॲप कॉल Calling वरच राहिला, Ringing झाला नाही, तर तेही नेट बंद असल्याचं लक्षण असू शकतं. व्हॉट्सॲपवरच्या ब्लॉकनं साधा फोन अडत नाही, तेव्हा तो लावा आणि विचारा.

शेवटचं, या वाचनालयापुरतं. आजचं निमंत्रण सचिवांनी नव्या नंबरवरनं ब्रॉडकास्ट लिस्टनं पाठवलं होतं, आणि बऱ्याच जणांच्या नावापुढं एकच टिक राहिली. त्यांचे फोन चांगले आहेत. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो, ज्याच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह आहे. नवा नंबर दाराजवळच्या फळ्यावर लिहिलाय. जाताना सेव्ह करून घ्या, पुढच्या महिन्याचं निमंत्रण त्याच नंबरवरनं येईल.