तीन जॉबशीट आणि एक फ्रिज

पडद्यावर दिसतो आहे तो कागद म्हणजे जॉबशीट. घरी फ्रिज दुरुस्त करायला आलेला टेक्निशियन निघताना ज्यावर ग्राहकाची सही घेतो, तो हा कागद. वरच्या चौकटीत ग्राहकाने सांगितलेली अडचण आहे, 'कूलिंग होत नाही'. खालच्या चौकटीत टेक्निशियनने 'गॅस भरला, ओके' असे लिहिले आहे, आणि त्याखाली ग्राहकाची घाईघाईत केलेली सही आहे.

समजा, सांगलीतल्या एका कुटुंबाने ३२,००० रुपयांना फ्रिज घेतला. वॉरंटी एक वर्षाची. सहाव्या महिन्यात तो थंड करेनासा झाला, तीनदा टेक्निशियन येऊन गेला, तीनदा गॅस भरला गेला आणि चौथ्या वेळी कंपनीने कळवले की तुमच्याकडे व्होल्टेज कमीजास्त होते, त्यामुळे हा बिघाड वॉरंटीत बसत नाही. अशा वेळी चिडून ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहायला बसणे स्वाभाविक आहे. पण शाबितीचा भार कोणावर पडणार, हे बऱ्याच अंशी त्या तक्रारीतल्या शब्दांवरच ठरते.

जो आरोप करतो त्याने तो शाबीत करायचा, हा मूळ नियम ग्राहक आयोगातही लागू आहे, आणि सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. फौजदारी खटल्यासारखी निःसंशय शाबिती मात्र इथे लागत नाही; दोन बाजूंपैकी कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. खरेदी, वॉरंटीची मुदत, त्या मुदतीत केलेली तक्रार आणि दुरुस्तीनंतरही टिकून राहिलेला बिघाड, एवढे ग्राहकाने दाखवले की व्होल्टेजचा मुद्दा ज्याने काढला त्या कंपनीलाच तो सिद्ध करावा लागतो. विम्यातही असेच असते: दावा पॉलिसीतल्या अपवादात मोडतो असे म्हणणाऱ्या विमा कंपनीने तो अपवाद लागू होतो हे दाखवायचे असते.

आता शब्दांकडे येऊ. 'फ्रिजमध्ये उत्पादनदोष आहे' असे लिहिले, तर तो दोष कारखान्यातूनच आला होता हे ग्राहकाला दाखवावे लागते, आणि त्यासाठी बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. 'वॉरंटीच्या काळात तीन वेळा येऊनही कंपनीला फ्रिज दुरुस्त करता आला नाही' असे लिहिले, तर तो सेवेतील त्रुटीचा आरोप होतो आणि तीन जॉबशीटच तो बऱ्यापैकी पेलतात. दोन्ही मुद्दे मांडता येतात. पण हाती फक्त जॉबशीट असताना सगळा डोलारा उत्पादनदोषावर उभा करणे, हे माझ्या मते तक्रारदारांच्या हातून होणारे सर्वांत महागडे चुकणे आहे.

म्हणून आधी कागद, मग मजकूर. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याची छापील अक्षरे काही महिन्यांत उडतात, तेव्हा आजच त्याची झेरॉक्स आणि फोटो काढावा. बिलावरचा सिरियल नंबर, वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि फ्रिजवरच्या स्टिकरचा नंबर ताडून पाहावा. स्टॅबिलायझर घेतला असेल तर त्याचेही बिल ठेवावे, कारण व्होल्टेजच्या बचावाला ते थेट उत्तर आहे. प्रत्येक जॉबशीटची प्रत मागून घ्यावी, आणि फ्रिज थंड होत नसताना 'ओके' लिहिले असेल तर सहीच्या शेजारी 'कूलिंग अद्याप नाही' असे स्वतःच्या हाताने लिहावे. तक्रार बंद करण्यासाठी टेक्निशियन मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. काम झाल्याशिवाय तो देऊ नये, कारण कंपनीच्या नोंदीत तो ओटीपी म्हणजे तुमची संमतीच ठरते.

कस्टमर केअरशी फोनवर झालेले बोलणे कागदावर उरत नाही. म्हणून त्याच दिवशी तक्रार क्रमांक आणि बोलण्याचा सारांश ईमेलने कळवावा. स्क्रीनशॉट तारखेसकट, न कापता घ्यावेत आणि मूळ मेसेज फोनमधून पुसू नयेत, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागू शकते.

हे सगळे तारखेच्या क्रमाने लावले की तक्रारीचे कारण कोणत्या दिवशी घडले ते समोर येते, आणि तिथून आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत मोजता येते.

राहिला तो फ्रिज. तो सर्वांत मोठा पुरावा असूनही अनेकदा तोच आधी हातचा जातो, कारण उन्हाळ्यात कंटाळून घरचे लोक बाहेरच्या मेकॅनिककडून तो उघडून घेतात. त्यानंतर दोष मूळचा की त्या मेकॅनिकचा, हे सांगणे अवघड होते. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. त्या तपासणीची फी तक्रारदाराला आधी भरावी लागते, आणि तिचा उपयोग फ्रिज तोवर कोणी उघडलेला नसेल तरच होतो.