पासिंग कधीचं ते राहू द्या, गाडी बनली कधी ते सांगा

मंडळी, सेकंडहँड गाडी पाहायला गेलो की आपण विचारतो, मॉडेल कोणतं? समोरचा म्हणतो, २०१९. तिथेच थांबायचं आणि विचारायचं, २०१९ म्हणजे काय? बनली २०१९ मध्ये, की पासिंग २०१९ चं? कारण एकाच गाडीला तीन साल असू शकतात. कारखान्यातून बाहेर पडली ते एक, आरटीओत नोंद झाली ते दुसरं, आणि मॉडेल म्हणजे कंपनीनं तो आकार, ते फीचर कधी आणले ते तिसरं. २०१८ च्या फेब्रुवारीत नवी स्विफ्ट आली, पण जुन्या आकाराचा स्टॉक शोरूममध्ये उभा असेल तर त्याचं पासिंगही २०१८ चंच होणार ना. म्हणजे साल तेच, गाडी वेगळी.

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा एक हॅचबॅक पाहून आला. एमएच-४९ ची, डीलर मानकापूरकडचा, म्हणे मामा, २०१९ चं मॉडेल आहे, एकच मालक, ४ लाख १० हजार सांगून राहिला. मी म्हटलं आरसी दाखव. आरसीवर नोंदणीची तारीख जुलै २०१९, बरोबर. पण त्याच कार्डावर बनवल्याचा महिना आणि साल वेगळ्या रकान्यात असतं, बारीक अक्षरात, तिथे होतं १०/२०१८. मग चेसिस नंबर पाहिला, दहावं अक्षर `J`. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी सालाचं अक्षर ठेवतात, `J` म्हणजे २०१८, `K` म्हणजे २०१९, पण सगळ्यांचीच पद्धत एक नाही, म्हणून एकट्या अक्षरावर भांडायला जाऊ नका, आरसी आधी. स्टेपनीही काढायला लावली. चार टायर बदललेले असू शकतात, स्टेपनी बहुतेक वेळा मूळचीच राहते. तिच्या बाजूला चार आकडे होते, ३८१८, म्हणजे २०१८ चा ३८ वा आठवडा, सप्टेंबर. म्हणजे ऑक्टोबरच्या गाडीशी बरोबर जुळलं.

डीलर म्हणाला, काका, नऊ महिन्यांनी काय फरक पडतो, चालली तर २०१९ पासूनच ना? त्याचं अर्धं बरोबर आहे हो. मीटर नोंदणीनंतरच पळतो, आणि आरसीची १५ वर्षं नोंदणीच्या तारखेपासूनच मोजतात, तेवढा फायदा घेणाऱ्याला मिळतो. पण ती गाडी कुठेतरी यार्डात उभी होती, आणि त्या नऊ महिन्यांत आपल्या नागपूरचा एप्रिल-मे गेला. टायर, बॅटरी, रबराच्या पट्ट्या, हे सगळं उभ्या उभ्याही म्हातारं होतं, मीटरवर शून्य असलं तरी.

आणि यात एक मोठी गोष्ट होती जी भाच्याच्या लक्षातच आली नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. लक्षात घ्या, बनलेल्या गाड्यांना, पासिंग झालेल्या नाही. जुलै २०१९ चं पासिंग ऐकून माणूस समजतो हे सगळं असेलच. आम्ही वर्धा रोडला मोकळ्यात नेली, ८० च्या वर गेलो, बीप आला नाही. मागे सेन्सर होते पण बंपरला नंतर भोक पाडून बसवलेले, कडेचा रंग उडालेला दिसत होता. एअरबॅग तर नव्हतीच.

आता विकणारे हे का झाकतात ते त्याच गाडीच्या कागदांच्या फायलीत सापडलं. पहिल्या मालकाचं शोरूमचं बिल होतं, त्यावर ४५ हजारांची सूट. साल उलटलं की मागच्या सालचा माल शोरूमवाल्याला काढायचाच असतो, म्हणून तो सूट देतो. घेणाऱ्यानं ती सूट २०१८ ची गाडी म्हणून घेतली आणि विकताना तीच गाडी २०१९ ची झाली, म्हणजे स्वस्त घेतल्याचा फायदा त्याचा आणि महाग घेतल्याचा तोटा तुमचा. आणि प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही, आपण स्वतःच एक साल विचारतो आणि बाजारात भाव एका सालावर ठरतो, मग विकणारा चांगलं दिसणारं साल सांगतो, पासिंगचा कागद हातात असतो, खोटंही बोलला असं होत नाही. मला राग येतो तो इथेच.

एक अजून, मध्य प्रदेशातून आणलेल्या गाड्यांना इथे नवा एमएच नंबर मिळतो, नव्या सिरीजचा. नंबर नवा दिसला म्हणजे गाडी नवी नाही.

आम्ही डीलरला म्हटलं, भाव २०१८ च्या गाडीचा लाव, बॅटरीचे आणि टायरचे पैसे वेगळे काप, आणि सौदाचिठ्ठीवर बनवल्याचं साल लिही. तो आधी चिडला. शेवटी ३ लाख ६८ हजारात झालं, पण साल लिहून द्यायला त्यानं अजून दोन दिवस घेतले.