ऑक्टोबरची बिलं जानेवारीत कशी गेली

बसा, बसा, मागे खुर्च्या आहेत. तर आजचा विषय एवढाच, की सप्लायरची खरेदीची बिलं एक्सेलमध्ये आहेत आणि ती एक-एक न टाईप करता अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये चढवायचीत. सॉफ्टवेअर कुठलंही असो, स्क्रीन थोड्याफार फरकाने सारखीच असते, फाईल द्या, कुठला कॉलम कुठल्या खान्यात जाणार ते सांगा, तारखेचा फॉरमॅट निवडा, इम्पोर्ट दाबा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नीट नाही केलं तर दोन दिवस निस्तरत बसायचं.

माझंच उदाहरण सांगतो. माझ्याकडे एका तूप-लोण्याच्या होलसेलवाल्याची पुस्तकं असतात. ऑक्टोबर 2025 ची खरेदीची सीएसव्ही फाईल आली, मी लॅपटॉपवर डबल-क्लिक करून उघडली, सहज नजर टाकली, एक्सेल फाईल म्हणून सेव्ह केली, आणि चढवली. एकही एरर नाही. मी खूश. संध्याकाळी बघतो तर एका बिलावर टॅक्स 4,800, आणि कागदावर 2,000. चाळीस हजाराचा माल, 5 टक्क्याने 2,000 च होतात, मग सॉफ्टवेअरने 12 टक्के लावले कुठून?

झालं असं होतं की बिलाची तारीख होती 09/10/2025, म्हणजे 9 ऑक्टोबर. पण माझ्या लॅपटॉपची रीजन सेटिंग अमेरिकन, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळे एक्सेलने ती 10 सप्टेंबर अशी वाचली. आता तूप-लोण्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 वर आला, आणि आपण आयटम मास्टरमध्ये दोन्ही दर तारखेसकट भरून ठेवलेले, मग सॉफ्टवेअरने तारीख बघून इमानदारीत जुना दर लावला. चूक त्याची नव्हतीच.

मग सगळी फाईल बघितली आणि डोक्याला हात लावला. 1, 2 आणि 3 ऑक्टोबरची बिलं 10 जानेवारी, 10 फेब्रुवारी, 10 मार्चला जाऊन बसलेली, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात, ज्याचा हिशोब आपण क्लोज समजत होतो. 4 ते 9 ची एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पसरलेली. 10 तारखेची बरोबर, कारण 10/10 उलटी केली तरी 10/10 च. 11 आणि 12 ची गेली 10 नोव्हेंबर आणि 10 डिसेंबरला, आणि गंमत अशी की ह्यांचा टॅक्स बरोबर 5 टक्केच, त्यामुळे टॅक्स जुळवून हे दोन दिवस कधीच सापडले नसते. आणि 13 पासून पुढची सगळी बिनचूक, कारण तेरावा महिनाच नसतो, एक्सेलने ती तारीख म्हणून घेतलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली, आणि इम्पोर्टच्या वेळी मी दिवस-महिना-वर्ष फॉरमॅट निवडला होता तो ह्या मजकुराला बरोबर लागू पडला. म्हणून तर एरर आली नाही.

हे चढवायच्या आधीच ओळखता येतं. तारखेचा कॉलम रुंद करा आणि बघा, खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही उजवीकडे काही डावीकडे दिसल्या की थांबायचं. सगळ्यात चांगलं म्हणजे सीएसव्हीला डबल-क्लिकच करू नका, कोरी एक्सेल उघडून डेटा मेनूतून फाईल आत घ्या आणि तारीख व बिल नंबर हे दोन्ही कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. बिल नंबर का, तर 00123 चं 123 होतं, 5/25 चं मे महिना होतो, आणि कुणाचा नंबर 25E07 असेल तर तो 2.50E+08 दिसतो. मग पोर्टलवरच्या 2बीशी काय डोंबल जुळणार.

मूळ फाईल हाताशी नसेल आणि वाट लागलेलीच असेल तर हा फॉर्म्युला, तारीख B कॉलममध्ये धरून :

```
=IF(ISNUMBER(B2),
 DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),
 DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

खरी तारीख असेल तर दिवस-महिन्याची अदलाबदल, मजकूर असेल तर तुकडे करून नवी तारीख. पण सगळी फाईल एकाच लॅपटॉपवर बिघडलेली असेल तरच हे वापरा, अर्धी कुणी हाताने सुधारली असेल तर सुधारलेली परत बिघडतील.

आता कॉलम जुळवणं. सॉफ्टवेअर नावं बघून स्वतःच जोड्या लावतं आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो. दोनच ठिकाणी थांबा. एक, बिलाची तारीख आणि आपल्या एंट्रीची तारीख हे दोन वेगळे खाने असतात. दुसरं, 'अमाउंट' नावाचा कॉलम. तो टॅक्ससकट असेल आणि करपात्र रकमेच्या खान्यात गेला, तर 10,000 चं बिल जे 18 टक्क्याने 11,800 होतं, ते 11,800 वर परत 2,124 लावून 13,924 होतं.

टॅक्स कोडचं मात्र जरा सविस्तर. फाईलमध्ये नुसतं 18 लिहिलेलं असतं, सॉफ्टवेअरला हवं असतं लोकल 18 की आयजीएसटी 18. बरेच जण सप्लायरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघतात, 27 म्हणजे महाराष्ट्र तर लोकल, बाकी सगळं आयजीएसटी. शंभरात नव्वद वेळा चालतं म्हणा ना, पण तुमचा माणूस पणजीला दोन रात्री राहिला की फसतं. हॉटेलचा नंबर 30 ने सुरू, बिल 10,000, त्यावर सीजीएसटी 250 आणि एसजीएसटी 250. हॉटेलच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते राज्य, म्हणून तो गोव्याचाच टॅक्स, आणि कोल्हापूरच्या धंद्याला त्याचं क्रेडिट मिळत नाही. पूर्ण 10,500 खर्चाला टाकायचे. तुमचा फॉर्म्युला तिथे 500 आयजीएसटी लावून क्रेडिट घेऊन मोकळा होतो.

म्हणून मी राज्य बघत नाही, बिलावर प्रत्यक्ष काय लावलंय ते बघतो. E मध्ये करपात्र रक्कम, F, G, H मध्ये सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी :

```
=IF(H2>0,"IGST","LOCAL")&" "&ROUND((F2+G2+H2)/E2*100,0)
```

मग ज्या ओळीत LOCAL आलंय पण नंबर 27 ने सुरू होत नाही त्या फिल्टर करून हाताने बघायच्या, हॉटेलं तिथेच सापडतात. आणि LOCAL 0 आलेल्या सुद्धा, कारण शून्य म्हणजे करमाफ माल, कंपोझिशनवाला, नाहीतर ट्रकचं भाडं ज्यावर टॅक्स आपण भरायचा, तिघांचे कोड वेगळे. हिऱ्यांवाले कुणी असाल तर ROUND मधला शेवटचा 0 काढून 2 करा, नाहीतर पाव टक्क्याचं शून्य होईल.

हो, मागून विचारतायत, दोनशे ओळींतल्या तेरा रिजेक्ट झाल्या तर? अहो पूर्ण फाईल परत चढवू नका, बाकीच्या डबल होतील, सगळीच सॉफ्टवेअरं डुप्लिकेट बिल नंबर अडवत नाहीत. त्या तेराच वेगळ्या फाईलमध्ये काढा. फक्त एक बघा, एका बिलात चार आयटम म्हणजे चार ओळी असतात, त्यातली एकच रिजेक्ट झाली असेल तर ते बिल तीन आयटमचं आत गेलंय की अख्खं बाहेर राहिलंय हे उघडून बघा. तीनचं गेलं असेल तर डिलीट मारून चारही ओळी परत द्या.