भरीव वीस ग्रॅम, पोकळ वीस ग्रॅम

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत मी 31 वर्षं काट्यामागे बसलो. तिथे एक प्रश्न नेहमी यायचा: “वजन सारखं, कॅरट सारखं, मग किंमत वेगळी काहून?” आज त्याच प्रश्नाबद्दल बोलतो, आणि माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो.

1996 साली आमच्याकडे दोन लग्नं झाली. त्या निमित्ताने आजोबांनी आईला आणि मोठ्या आईला सारखंच सोनं द्यायचं ठरवलं. प्रत्येकीला 20 ग्रॅमची एक जोडी. आईने साध्या भरीव बांगड्या घेतल्या. मोठ्या आईने पोकळ तोडे घेतले. आईच्या बांगडीची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाड, म्हणजे हातात दिसायची ती एक रेघ. मोठ्या आईचा तोडा आठ मिलिमीटरचा, मनगट भरून टाकणारा. लग्नात सगळ्या बायका तोड्यांकडे बघत होत्या.

आता हिशोब करा. तेवढंच सोनं चौपट जाडीच्या नळीत पसरलं, तर नळीचा पत्रा राहतो मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. वहीच्या कागदाहून किंचित जाड, बस. मोठ्या आईचा एक तोडा नळाच्या तोटीवर आपटला आणि चेपला. दुकानात दाखवला, तर कारागीर म्हणाला, “आतून ठोकायला जागाच नाही.” भरीव बांगडी वाकली तर लाकडावर ठेवून हलक्या हाताने सरळ करता येते. पोकळ दागिना चेपला की बहुधा चेपलेलाच राहतो.

बारा वर्षांनी दोघींनी जोड्या मोडायला काढल्या. काट्यावर तोडे ठेवले, तर वजन 20 ग्रॅम 310 मिलिग्रॅम! मोठी आई म्हणाली, “अवो माय, हे तर वाढलं!” वाढला होता तो मळ. डाख देताना आतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून पोकळ दागिन्याच्या आतल्या बाजूला बारीक भोकं ठेवतात. त्यातून साबण, पीठ, घाम सगळं आत जाऊन बसतं. मुशीत टाकणखार घालून आटवलं, तेव्हा निघालं 19.4 ग्रॅम, आणि कस, म्हणजे शुद्ध सोन्याचं प्रमाण, लागला 89 टक्के. घेताना तो 91.6, म्हणजे 22 कॅरट, सांगितला होता. कारण पत्र्याची लांबच लांब शिवण डाखाने जोडलेली, आणि त्या वेळच्या डाखात सोनं कमी असायचं. आईच्या बांगड्या झिजून 19.85 ग्रॅम झाल्या होत्या. आटवल्यावर 19.8 ग्रॅम निघालं आणि कस 91.5 लागला. डाख अगदी थोडा, मळ जायला जागाच नाही.

आता पैशांत बघू. सोपं जावं म्हणून 22 कॅरटचा दर ग्रॅमला 10,000 रुपये धरू, घेताना आणि विकताना तोच. दोन्हींचं सोनं 2 लाखांचं. भरीव बांगडीवर मजुरी 8 टक्के धरली आणि सोनं-मजुरी मिळून होणाऱ्या रकमेवर 3 टक्के जीएसटी, तर बिल होतं 2,22,480. पोकळ तोड्याला पत्रा काढायचा, वळायचा, शिवण जोडायची, पुन्हा घासायची. काम जास्त, म्हणून मजुरी 18 टक्के धरली, तर बिल 2,43,080. म्हणजे घेतानाच 20,600 रुपये जास्त गेले. मोडताना आईपेक्षा सुमारे 9,300 कमी मिळाले. मजुरी आणि जीएसटी मोडताना कोणी परत देत नाही. हे पुन्हा सांगतो: मजुरी परत येत नाही.

आता हॉलमार्क सक्तीचा आहे, त्यामुळे डाखातली ती घट पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण श्रोतेहो, हॉलमार्क शुद्धता सांगतो, दागिना भरीव आहे की पोकळ ते सांगत नाही. पुन्हा सांगतो, पोकळपणा हॉलमार्क सांगत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागतं. आत लाख भरली असेल तर लाखेचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर लिहून घ्या. मोडताना कॅरट मशीनचा आकडा दागिन्याच्या फक्त वरच्या थराचा असतो, म्हणून आटवून मग कस बघायला सांगा, आणि आटवताना समोर उभे राहा.

रोज घालायचं असेल तर बांगडी भरीवच घ्या, असं मी सांगेन. कानातलं मात्र पोकळ घेतलेलं बरं, भरीव झुमक्यांनी कानाची पाळी ओघळते.

त्या दिवशी दोन्ही गोळ्या आमच्या दुकानाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही गावठी बोराएवढ्या. मोठी आई बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, “यातली माझी कोणती?”