कोर्ट नाक्यावरचं एक बटण

[दृश्य: ठाणे, कोर्ट नाका. सकाळचे साडेदहा. टपऱ्यांचे पत्रे, काळे कोट, हातात फायली, स्टॅम्प पेपरसाठी लागलेली रांग.]

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आसपास सकाळी उभं राहिलं की रिक्षांच्या हॉर्नच्या मधूनमधून आणखी एक आवाज ऐकू येतो. टायपिंगचा. पूर्वी तो टाइपरायटरचा खटखटाट होता, आता कीबोर्डची बारीक टकटक आहे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वारसाचा अर्ज. समोर पक्षकार उभा, बाजूला वकील घड्याळ बघतोय, आणि टायपिस्टची नजर हातातल्या कच्च्या मसुद्यावर. पडद्यावर नाही.

आपली गोष्ट इथेच सुरू होते. पडद्याकडे न बघता दोन ओळी टाइप होतात, मान वर होते, आणि समोर सगळी अर्धी अक्षरं.

[दृश्य: कीबोर्ड अगदी जवळून. कॅप्स लॉकच्या जागी नुसता खड्डा आणि मधे पांढरा रबर.]

या दुकानातल्या टायपिस्ट ताईंनी कॅप्स लॉकचं टोपणच स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलंय. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अहो दादा, दिवसातून चार वेळा लागायचं ते. एकदा अख्खं पान परत मारलं, त्या दिवशी उपटलं." मग खड्ड्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "पण अजून लागतंच."

लागणारच. टोपण गेलं तरी खालचा रबर आणि त्याखालचा संपर्क जागेवरच आहे. करंगळी त्या रबरावर पडली की कॅप्स लॉक चालू.

हा त्रास मराठी टायपिस्टला इतका का होतो, ते आधी बघू. इंग्रजीत कॅप्स लॉक लागला तर मजकूर मोठ्या अक्षरांत येतो. वाईट दिसतो, पण वाचता येतो. ताई टाइप करतात कृतीदेवमध्ये. हा युनिकोडच्या आधीचा फाँट. त्याच्या आत खरं देवनागरी अक्षर नसतंच, असतं इंग्रजी अक्षर, आणि त्याच्यावर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. लहान `d` म्हणजे क, मोठा `D` म्हणजे अर्धा क. लहान `y` म्हणजे ल, मोठा `Y` म्हणजे अर्धा ल. `e` म्हणजे म, `E` म्हणजे अर्धा म. कोर्टाच्या कागदात ‘कलम’ हा शब्द जागोजागी येतो. तो टाइप करायचा `dye`. कॅप्स लॉक चालू असेल तर तोच होतो `DYE`, म्हणजे अर्धा क, अर्धा ल, अर्धा म. आणि ‘काम’ टाइप करायला गेलात, तर मधल्या कान्याच्या जागी थेट ‘ज्ञ’ उभा राहतो, कारण `k` म्हणजे काना आणि `K` म्हणजे ज्ञ.

आता करंगळी तिकडे जाते कशाला? कृतीदेवमध्ये अनुस्वार `a` या बटणावर आहे, आणि कॅप्स लॉक त्याला अगदी खेटून. अर्ध्या अक्षरांसाठी शिफ्ट लागते, ती कॅप्स लॉकच्या बरोबर खाली. म्हणजे मराठी टाइप करणारी डावी करंगळी दिवसभर याच बटणाच्या वरखाली फिरत असते.

हे बटण मुळात इथे नव्हतं. 1981 च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर `A` च्या शेजारी कंट्रोल होतं, आणि कॅप्स लॉक खाली, स्पेसबारच्या उजवीकडे. नंतर आलेल्या 101 बटणांच्या कीबोर्डने कॅप्स लॉक वर आणला आणि कंट्रोलला खालच्या कोपऱ्यात धाडलं. तीच मांडणी पुढे सगळ्यांनी उचलली.

[दृश्य: वर्डमध्ये बिघडलेला परिच्छेद. उंदराचा बाण ‘चेंज केस’च्या यादीवर.]

उपायाकडे जाण्याआधी, बिघडलेलं पान परत टाइप करू नका. ताईंना हे माहीत नव्हतं, आणि त्या पानाचं मला खरंच वाईट वाटलं. विंडोजमध्ये कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट दाबली की लहान अक्षर येतं. म्हणजे बिघडलेल्या मजकुरात प्रत्येक अक्षर बरोबर उलटं झालेलं असतं, मोठ्याचं लहान आणि लहानाचं मोठं. अंक आणि चिन्हांना कॅप्स लॉक हातच लावत नाही. म्हणून वर्डमध्ये तेवढा भाग निवडायचा आणि ‘चेंज केस’च्या यादीतला `tOGGLE cASE` हा पर्याय घ्यायचा. मजकूर जसाच्या तसा परत येतो. `Shift+F3` मात्र इथे वापरू नका. ते सगळी अक्षरं एकजात लहान, एकजात मोठी किंवा फक्त पहिलं मोठं असं करतं, आणि जिथे मुद्दाम शिफ्ट दाबली होती ती जागा पुसली जाते.

पण हे झालं दुरुस्तीचं. मुळात बटणाचंच काम बदलायला हवं.

[दृश्य: रजिस्ट्री एडिटर उघडतोय.]

कीबोर्डवर बटण दाबलं की संगणकाकडे अक्षर जात नाही, एक क्रमांक जातो. त्याला स्कॅन कोड म्हणतात. कॅप्स लॉकचा क्रमांक `3A`, डाव्या शिफ्टचा `2A`. हा क्रमांक आला की त्याच्या जागी तो धर, असा एक छोटा तक्ता विंडोजला देता येतो. तक्त्याचं नाव `Scancode Map`, आणि तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, राहतो. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मात्र लागतो.

ताईंसाठी मी कॅप्स लॉकला शिफ्ट करायचं ठरवलं. बरेच जण तिथे कंट्रोल किंवा एस्केप आणतात, आणि प्रोग्रॅमरला ते सोयीचंही आहे. पण इथे करंगळी चुकते ती शिफ्टच्या वाटेवर. तिथेही शिफ्टच मिळाली तर चूक चूक राहत नाही. नुसता धक्का लागून सुटला तर काहीच उमटत नाही.

त्यावर ताईंनी लगेच अडचण काढली, आणि ती रास्त होती. "इंग्रजी ॲफिडेव्हिटचं हेडिंग कॅपिटलमध्ये लागतं. तेव्हा काय करू?" म्हणून कॅप्स लॉक पूर्ण न काढता लांब नेला, वरच्या रांगेतल्या स्क्रोल लॉकवर. त्याचा क्रमांक `46`. या दुकानात ते बटण कधी कुणी वापरलेलं नाही.

नोटपॅडमध्ये हे लिहायचं आणि `.reg` शेवट असलेल्या नावाने जतन करायचं:

```
Windows Registry Editor Version 5.00

[HKEY_LOCAL_MACHINE\SYSTEM\CurrentControlSet\Control\Keyboard Layout]
"Scancode Map"=hex:00,00,00,00,00,00,00,00,03,00,00,00,2a,00,3a,00,3a,00,46,00,00,00,00,00
```

[दृश्य: आकड्यांची ओळ पडद्यावर मोठी. एकेक गट उजळत जातो.]

ओळ लांब दिसते, पण चार-चारचे गट पाडले की उलगडते. पहिली आठ शून्यं ठरलेली आहेत. मग `03`, म्हणजे पुढे तीन गट आहेत. आपल्या जोड्या दोनच, पण शेवटचा शून्यांचा गटही मोजायचा असतो. एकच जोडी असती तर इथे `02` आलं असतं.

त्यानंतर पहिली जोडी, `2a,00,3a,00`. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण आपण ‘कॅप्सचं शिफ्ट कर’ असं म्हणतो आणि तक्ता ते उलटं लिहितो. आधी काय निघायला हवं, मग कुठलं बटण दाबलं. शिफ्ट निघू दे, कॅप्स दाबल्यावर. दुसरी जोडी तशीच: कॅप्स निघू दे, स्क्रोल लॉक दाबल्यावर. तक्ता एकदाच लागू होतो, त्यामुळे स्क्रोल लॉकचं कॅप्स होऊन त्याचं पुन्हा शिफ्ट होत नाही.

क्रम उलटा पडला तर लगेच कळतं. डावी शिफ्ट दाबली की कॅप्स लॉकचा दिवा लागतो. हा तक्ता पासवर्डच्या पडद्यावरही चालतो, म्हणून तिथेच अडकल्यासारखं वाटतं. घाबरू नका, उजव्या शिफ्टचा क्रमांक वेगळा आहे, ती शाबूत असते. तिने पासवर्ड टाका आणि आत जाऊन फाइल दुरुस्त करा.

दुसरी फसगत नावाची. रजिस्ट्रीत `Keyboard Layout` आणि `Keyboard Layouts` अशा दोन जागा एकाखाली एक आहेत. आपल्याला हवी ती शेवटी `s` नसलेली. दुसरीकडे लिहिलं तर चूक झाल्याचं कुणी सांगत नाही, फक्त काही घडत नाही.

[दृश्य: फाइलवर डबल क्लिक. ‘होय’. मग स्टार्ट मेनू.]

फाइलवर डबल क्लिक करायचं, होकार द्यायचा आणि `Restart` घ्यायचं. `Shut down` नको. बऱ्याच संगणकांवर फास्ट स्टार्टअप चालू असतं. त्यात बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सुरू करताना तोच परत उचलला जातो. मग नवा तक्ता वाचला जाईल याचा भरवसा नाही.

परत सुरू झाल्यावर ताईंनी त्या खड्ड्यातला रबर दाबून `d` मारला. अर्धा क आला. रबर सोडून मारला, पूर्ण क आला. दिवा लागला नाही. खात्री पटावी म्हणून त्यांनी रबर पटापट पाच वेळा दाबला, आणि पडद्यावर ‘स्टिकी कीज’ची चौकट उघडली. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की विंडोज ते विचारतंच. आता ते बटण खरोखर शिफ्ट आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही. चौकटीत नकार दिला, आणि सेटिंगमधून तो शॉर्टकटच बंद करून टाकला.

या पद्धतीच्या मर्यादाही तिथेच दिसल्या. बदल संपूर्ण संगणकाला लागतो. जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डला, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला. ताईंच्या सुट्टीत एक मुलगा टायपिंगला बसतो, त्यालाही हेच बटण मिळणार. म्हणून स्क्रोल लॉकवर कागदाची छोटी चिठ्ठी चिकटवली. लॅपटॉपवरचं एफएन बटण असं बदलता येत नाही, कारण ते सहसा कीबोर्डच्या आतच हाताळलं जातं आणि विंडोजपर्यंत त्याचा क्रमांक पोचत नाही.

ऑफिसच्या संगणकावर रजिस्ट्रीला हात लावायची परवानगी नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं कीबोर्ड मॅनेजर आहे. तिथे यादीतून बटणं निवडायची, आकडे लिहायचे नाहीत, रीस्टार्टही नाही. पण ते चालू असेल तोवरच बदल टिकतो. लॉगिनच्या पडद्यावर जुनंच बटण असतं, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत, पॉवरटॉइजही तसंच उघडलेलं नसेल तर, ते काम करत नाही.

[दृश्य: डेस्कटॉपवर दुसरी फाइल. नाव: ‘जुनं बटण परत’.]

निघताना ताईंच्या डेस्कटॉपवर आणखी एक फाइल ठेवली. वरच्या दोन ओळी त्याच, फक्त शेवटची वेगळी:

```
"Scancode Map"=-
```

ही चालवून रीस्टार्ट केलं की तक्ता पुसला जातो आणि कीबोर्ड पहिल्यासारखा होतो.

[दृश्य: संध्याकाळ. ताई ड्रॉवर उघडतात. टाचण्या, रबरी शिक्के, आणि त्यांच्यात कॅप्स लॉकचं टोपण.]

ते टोपण त्यांनी जपून ठेवलं होतं. खड्ड्यावर बसवून अंगठ्याने दाबलं, टक्कन बसलं. मग पुढचा मसुदा हातात घेतला आणि पडद्याकडे न बघता पहिला शब्द टाइप केला. कलम.